तळटीप : ‘हिंगणीच्या आसमंतातील सामायिक देवस्थाने’ या उल्लेखाविषयी

मूळ लेखकाच्या मनात येथे बहुधा हिंगणीच्याच वर्धा जिल्ह्यातील, समुद्रपूर तालुक्यातले गिरड असावे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान हे दोन्ही समाज तेथे नवस बोलतात आणि फेडतात. टेकडीवर विखुरलेले गोलसर खडे हा अवलियाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, शापाने दगड झालेल्या मालाचा अवशेष होय, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्रदृष्ट्या ते काळ्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत जमलेले झिओलाइट. परंतु संतचरित्राने स्थानिक भूमीचा असा अर्थ लावावा, हीच परकी परंपरा येथल्या मातीत रुजल्याची खूण मानावी लागते. मात्र बाबा फरीद यांची समाधी पंजाबातील पाकपट्टण येथे असल्याने गिरडचे स्थान हे स्मृतिस्थान समजावे, दफनस्थान नव्हे. शिवाय आजच्या सामायिक उपासनेवरून मध्ययुगाविषयी थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

तसा निष्कर्ष काढण्यास समकालीन ग्रंथ हवा, आणि तो श्रीगोंद्यास सापडतो. सूफी परंपरेतील शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचून योगमार्गाचे विवेचन केले, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमालिकेत स्थान दिले. मोहरमात ताबुतांना नवस करणारी हिंदू घराणीही महाराष्ट्रात होती. तथापि सणांतील सहभागास जत्रेचे आकर्षणही पुरेसे कारण असते, म्हणून पुरावा म्हणून त्याचे वजन ग्रंथाहून कमी आहे.