स्लाइडवरच्या आकड्याची कुळकथा

गडचिरोलीतल्या एका प्रशिक्षणासाठी मी सामूहिक वनहक्काच्या दाव्यांवर २४ स्लाइड केल्या होत्या. ९ ते १३ या स्लाइडांवर पाच गावांचे नकाशे होते आणि प्रत्येकाच्या तळाशी त्या गावाचे नाव. नकाशे मोठे दिसावेत म्हणून आदल्या रात्री त्या पाचांना दुसरा लेआउट लावला. सकाळी छापील प्रती वाटल्या, तेव्हा मागून प्रश्न आला, "सर, आमच्या गावचा नकाशा कितव्या पानावर आहे जी?" पाचही पानांवरून आकडा गेला होता आणि गावाचे नावही.

या गायब होण्याचे मूळ २००७ सालच्या पॉवरपॉइंटमध्ये आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत आकडा आणि तळओळ यांची चौकट मास्टरवर असे. स्लाइडपाशी फक्त 'आकडा दाखवा' एवढी नोंद आणि तळओळीचा मजकूर राही. लेआउट बदलला तरी या नोंदीला धक्का लागत नसे.

२००७ मध्ये मास्टर आणि स्लाइड यांच्यामध्ये, प्रत्येकाला स्वतः घडवता येणारा लेआउट आला. फाइलची मांडणीही बदलली. आता आकड्याची आणि तळओळीची चौकट आधी मास्टरवर, मग लेआउटवर असते आणि तिची स्वतंत्र प्रत स्लाइडवर बसते. स्लाइडच्या फाइलमध्ये आकड्याच्या चौकटीची ओळख अशी लिहिलेली असते:

```
<p:ph type="sldNum"/>
```

नव्या लेआउटवर या जातीची चौकटच नसेल, तर स्लाइडवरच्या प्रतीला आधार उरत नाही आणि ती निघून जाते. माझ्या नकाशाच्या लेआउटवर नेमक्या याच दोन्ही चौकटी नव्हत्या. कुणीतरी जागा वाचवायला त्या काढल्या असाव्यात.

दुरुस्ती दोन टप्प्यांची आहे आणि बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. `View` मधून `Slide Master` उघडावे, तो लेआउट निवडून `Footers` वर खूण करावी. खूण करताच येत नसेल, तर चौकटी मास्टरवरूनच पुसल्या गेल्या आहेत. मग वरचा मास्टर निवडून `Master Layout` मधून त्या आधी परत आणाव्या लागतात.

एवढे करूनही स्लाइडवर आकडा दिसत नाही, कारण तिची स्वतःची प्रत अजून बनलेली नसते. नेहमीच्या दृश्यात येऊन `Insert` मधल्या `Header & Footer` मध्ये `Slide number` आणि `Footer` यांवर खूण करावी लागते. इथे मी घाईत `Apply to All` दाबणार होतो. तसे केले असते, तर एकाच गावाचे नाव चोवीसही स्लाइडांवर उमटले असते. एकेक स्लाइड निवडून, तिचे गाव लिहून `Apply` दाबले.

आकड्यासाठी स्लाइडवर साधी मजकूरचौकट काढून '९' लिहू नका. ती लेआउट बदलल्यावर टिकते, पण स्लाइड पुढेमागे सरकली की तो आकडा खोटा ठरतो.