घोरण्याचा आवाज आणि पहाटेचे लँडिंग

22 मे 2010 रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे 812 क्रमांकाचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळले. 166 जणांपैकी 8 वाचले. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात पहिला 1 तास 40 मिनिटे कॅप्टनचे बोलणेच नव्हते, अधूनमधून ऐकू येत होते घोरणे.

अहवालातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कॅप्टन झोपला एवढ्यावर तो थांबत नाही. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू सुस्तच असतो. माणूस बोलतो, हात चालतात, पण निर्णय चुकतात. जाग आल्यापासून लँडिंगपर्यंत कॅप्टनला जेमतेम 25 मिनिटे मिळाली. त्यात वेळ पहाटेची. रात्री 2 ते सकाळी 6 या काळात शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली असतो. विमान नको तितक्या उंचीवर होते. सहवैमानिकाने तीनदा परत वर जाण्यास सांगितले. तरी कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही आणि 8,033 फुटांच्या धावपट्टीवर सुमारे 5,200 फूट मागे पडल्यावर चाके टेकली.

लांबच्या प्रवासात हे घड्याळ आणखी फसवते. मुंबईचा वैमानिक न्यूयॉर्कला एक-दोन दिवस थांबला, तरी त्याचे शरीर मुंबईच्याच वेळेवर असते. ते दिवसाला साधारण तासभरच सरकते. उन्हाळ्यात तिथे दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा त्याच्या शरीरात पहाटेचे दोन वाजलेले असतात. म्हणून अशा विमानांत जादा वैमानिक असतात आणि ते पाळीपाळीने बंकवर झोपतात. पण बंकवरून उठून लगेच लँडिंग करायचे असेल, तर मंगळूरचाच धोका उरतो.

नियमांना हे उमगायला वेळ लागला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024मध्ये आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 केली, रात्रीची व्याख्या पहाटे 5ऐवजी 6पर्यंत वाढवली आणि त्या वेळेतली लँडिंग 6वरून 2 केली. रात्रीचे नियम 1 नोव्हेंबर 2025पासून लागू झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोला वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली.

त्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तोही आधी फक्त सकाळी 8 ते रात्री 8. मी उलव्यात राहतो. इथे मध्यरात्रीनंतरची विमाने वाढतील, तेव्हा वैमानिकाने किती तास काम केले एवढेच विचारून भागणार नाही. तो उतरत होता तेव्हा त्याच्या शरीरात किती वाजले होते, आणि तो उठून किती मिनिटे झाली होती, हेही विचारावे लागेल.