सोळा खणांचा ठेका

कोल्हापुरातल्या दहावीच्या पोराच्या फोनवर बँडलॅब, एफएल स्टुडिओ मोबाइल किंवा गॅरेजबँड यांपैकी काहीही असो, ठेका बांधायचं पान उघडलं की समोर येते ती सोळा खणांची ओळ. एका ओळीत खर्जाचा ढोल, दुसऱ्या ओळीत टणक थाप, तिसऱ्या ओळीत झांज. ज्या खणावर बोट ठेवाल तो पेटतो आणि फिरती रेघ तिथं पोचली की वाजतो. नोटेशन येत नसलं, तालाची परीक्षा दिलेली नसली तरी दहा मिनिटांत काहीतरी वाजायला लागतं. ही ओळ आली कुठून, हे कळलं की ती कुठं साथ देते आणि कुठं दगा देते तेही कळतं.

यंत्रानं ठेका धरण्याची हौस जुनी आहे. 1959 साली अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीनं ‘साइडमॅन’ नावाची पेटी काढली. आत एक काटा गोल फिरायचा, वाटेतल्या धातूच्या टोकांना शिवायचा आणि प्रत्येक स्पर्शाला एक आवाज निघायचा. ठेके मात्र कंपनीनं ठरवलेले, म्हणजे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि असेच नाचाचे. ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ करणं एवढंच तिचं काम होतं. स्वतःचा ठेका तिच्यात बांधता येत नव्हता.

तो हक्क सामान्य वादकाच्या हाती ठळकपणे आला 1980 मध्ये, जपानच्या रोलँड कंपनीच्या टीआर-808 या यंत्रातून. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणं होती, चार-चारच्या गटांत आणि चार रंगांत. पाश्चात्त्य नाचगाण्यात एका आवर्तनाला चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणून सोळा. आधी वाद्य निवडायचं, मग बटणं दाबायची. आज फोनवर बोट नेमकं हेच करतं. यंत्राचा खर्ज खऱ्या ढोलासारखा नव्हता. तो लांब घुमणारा, विजेच्या मंडलातून काढलेला आवाज होता. 1983 पर्यंत साधारण बारा हजार यंत्रं निघाली आणि उत्पादन थांबलं. नंतर मात्र जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि अमेरिकेतल्या हिपहॉपच्या पोरांनी ती उचलली.

आपल्याकडचा धागा मुंबईत सापडतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये हेच यंत्र घेऊन भैरव, ललित, भूपाळी, मालकंस असे दहा राग वाजवले. खाली 808 चा ठेका आणि वर सिंथेसायझरवर राग. एचएमव्हीनं काढलेली ती तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या नाचसंगीतातल्या लोकांनी कान टवकारले. गुरूंकडून आलेला राग आणि कारखान्यातून आलेली सोळा बटणं एका माणसाच्या हातात इतक्या लवकर एकत्र आली होती, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात जास्त ठळकपणे सांगायला हवी.

पुढचा टप्पा संगणकाचा. 1997 मध्ये बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं ‘फ्रूटीलूप्स’ काढलं. त्यात सोळा बटणांची ओळ जशीच्या तशी पडद्यावर आली. त्याचंच नाव पुढे एफएल स्टुडिओ झालं आणि 2011 मध्ये ते फोनवर उतरलं. ॲपलचं गॅरेजबँडही त्याच वर्षी आयफोनवर आलं.

आता कोल्हापूरकडे वळू. सोळाची ओळ केरव्याला बरोबर बसते. केरव्याच्या आठ मात्रा, प्रत्येकीला दोन खण, हिशेब मिटला. गोंधळ-जोगव्यातला सहाचा झोका घ्यायला गेलं की गाडी अडते. दादऱ्याच्या सहा मात्रांना दोन-दोन खण दिले तर बारा होतात आणि चार खण उरतात. ते मोकळे सोडले तर प्रत्येक फेरीला पायरी चुकल्यासारखी ठेच लागते. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या दोन मात्रा त्यांत भरल्या तर ओळ संपून पुन्हा पहिल्या खणावर येते आणि सम चार मात्रा आधीच कोसळते. पोराला वाटतं आपल्यालाच ताल नाही. चूक त्याची नसते.

उपाय दोन आहेत. ॲपमध्ये ओळीची लांबी बदलता येत असेल तर ती बारावर आणायची. खर्जाची जड थाप पहिल्या खणावर, हलकी टिचकी सातव्यावर, कारण तिथून तालाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि झांज पाचव्या व अकराव्यावर. लांबी बदलता येत नसेल तर सोळाच्या तीन ओळी एकापुढे एक जोडायच्या. अठ्ठेचाळीस खणांत बाराची चार आवर्तनं पुरी बसतात आणि सम पुन्हा पहिल्या खणावर येते.

हलगीचं दुखणं वेगळं आहे. खासबागेतल्या कुस्तीत किंवा जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीपुढं वाजणारी हलगी मात्रा समान कापत नाही. दोन थापांमधली दुसरी किंचित उशिरा पडते, आणि एक थाप जाड टिपरीची तर दुसरी बारीक काडीची असते. खणांत भरलेली हलगी म्हणूनच लष्करी कवायतीसारखी ऐकू येते. यावरचा उपायही जुन्या यंत्रातूनच आलेला आहे. रॉजर लिन यांच्या 1980 च्या एलएम-1 यंत्रात ‘स्विंग’ होतं. ते सम क्रमांकाचे खण थोडे मागे ढकलतं. 50 टक्क्यांवर सगळं सरळ असतं आणि 66 च्या आसपास तिहेरी झोका येतो. हलगीसाठी 56 पासून चढत जावं आणि कानाला पटेल तिथं थांबावं. सोबत बारीक काडीच्या थापांचा जोर निम्म्यावर आणावा, नाहीतर नुसत्या स्विंगनं काम होत नाही.

लिन यांच्या यंत्राची आणखी एक देणगी म्हणजे खऱ्या ढोलांचे रेकॉर्ड केलेले तुकडे. ॲपच्या संचात कोल्हापुरी हलगी मिळणं कठीण, पण फोनला माइक आहे. अगदी जवळून रेकॉर्ड केलं तर आवाज फाटतो, म्हणून चार-पाच पावलं लांब उभं राहावं. एकेक थाप सुटी घ्यावी आणि तुकड्याच्या सुरुवातीची शांतता कापून टाकावी. ती राहिली तर खण बरोबर असूनही थाप सतत मागे पडते.

शेवटच्या दोन अडचणी फोनच्याच आहेत. 120 च्या लयीला एक खण म्हणजे एका सेकंदाचा आठवा भाग. ब्लूटूथ इअरफोन आवाज अनेकदा त्याहून उशिरा पोचवतो, त्यामुळे बोटानं थेट वाजवलेली थाप पुढच्या खणात जाऊन बसते. वायरचा इअरफोन लावून तीच थाप बरोबर पडली तर दोष बोटात नव्हता. दुसरी अडचण खर्जाची. 808 चा खोल ढोल फोनच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. मग पोरगा तो वाढवत नेतो, आणि मंडळाच्या मोठ्या स्पीकरवर लावल्यावर बाकी सगळं त्याखाली बुडतं. खर्ज नेहमी इअरफोनवरच ठरवावा.

हलगीवाल्याला रेकॉर्ड करायच्या आधी त्याची परवानगी घ्या आणि गाणं बाहेर सोडताना खाली त्याचं नाव लिहा. एलएम-1 मधल्या ढोलांमागेही खरे वादक होते, पण त्यांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत.