पोकळ नळीतील लहर

नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. उपग्रहाकडून तेथे येणाऱ्या लहरी सुमारे ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या. एवढ्या आखूड लहरी साध्या तारेतून नेताना फार क्षीण होतात. म्हणून त्या धातूच्या पोकळ आयताकृती नळीतून नेण्याची पद्धत रूढ झाली. तिला वेव्हगाइड म्हणतात. तिच्या मधोमध तार नसते, नुसती हवा असते.

अशा नळीतून लहर जाईल, हे मान्य व्हायलाच बराच काळ गेला. १८९३ मध्ये हेविसाइड यांनी मत दिले, की दुसऱ्या वाहकाशिवाय लहर जाणार नाही. १८९७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले, की जाते. पण एका ठरावीक वारंवारतेच्या वरचीच. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हे गणित कोणी वापरले नाही.

१९३५ साली अमेरिकेत एमआयटीचे विल्मर बॅरो यांनी साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या पितळी नळीत ५० सेंटिमीटरची लहर सोडली. दुसऱ्या टोकाला काहीच आले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सुमारे ४६ सेंटिमीटर व्यासाची हवा खेळवण्याची नळी घेतली आणि ४० सेंटिमीटरची लहर सोडली. ती पार झाली. दोष कल्पनेचा नव्हता, मापाचा होता.

कारण असे. बाजूच्या भिंतींपाशी त्यांना समांतर विद्युत क्षेत्र शून्य असावे लागते. म्हणून नळीच्या रुंदीत किमान अर्धी लहर बसलीच पाहिजे. लहर दोन्ही भिंतींवर आपटत नागमोडी पुढे जाते. वारंवारता कमी करावी तसतशी ती अधिकाधिक आडवी आपटते. कटऑफ वारंवारतेला ती नुसती आडवी येरझारा घालते, पुढे सरकतच नाही. त्याखाली तिचा जोर लगेच ओसरतो: वारंवारता फारच कमी असेल, तर रुंदीइतक्या प्रत्येक अंतरामागे क्षेत्र सुमारे तेविसाव्या हिश्शावर येते. ही ऊर्जा भिंती खात नाहीत. ती माघारी परतते. नळी तापलेली नाही आणि लहर मात्र उगमाकडे परत आलेली, ही त्याची खूण.

आता ४ गिगाहर्ट्झसाठीची प्रमाणित नळी पाहू. आतली रुंदी ५८.१७ मिलिमीटर, उंची तिच्या निम्मी. रुंदीच्या दुप्पट, ११.६ सेंटिमीटर, ही कटऑफची तरंगलांबी, म्हणजे २.५८ गिगाहर्ट्झ. रुंदीत अर्ध्या लहरी एकाऐवजी दोन बसल्या, की दुसरा मोड सुरू होतो, ५.१५ गिगाहर्ट्झला. दोन मोड वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि संदेश विस्कटतो. म्हणून दोन्ही मर्यादांपासून अंतर राखून काम चालते, आणि ४ त्यात नीट बसते.

आपल्या आकाशवाणीच्या १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी तीन मीटर. तिच्यासाठी दीड मीटरहून रुंद नळी लागेल. म्हणून तिच्या वाट्याला तारच येते.