बोथट शिंगं, टोकदार शिंगं : चंद्राच्या कला आणि ग्रहणाच्या आकृत्या जुन्या ग्रंथांत कशा वाचायच्या

ज्योतिषाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल, तर पहिल्याच महिन्यात तुमच्यासमोर सूर्य, पृथ्वी, चंद्र अशी तीन गोलांची आकृती येणार. आपण सगळे ती शाळेपासून बघत आलो आहोत, आणि त्यामुळेच ती नीट वाचत नाही. अष्टमीचा चंद्र अर्धा का दिसतो असं विचारलं तर पदवीधर माणूससुद्धा पटकन म्हणून जातो, "पृथ्वीची सावली पडते म्हणून". हे उत्तर मनात ठेवून तुम्ही आर्यभट किंवा भास्कराचार्य वाचायला घेतलात, तर त्यांचा युक्तिवाद तुमच्या हातून निसटेल. म्हणून या लेखात तिन्ही प्रसंगांत कोण कुठे असतं ते आधी बघू. मग जुन्या ज्योतिष्यांनी तो फरक कशावरून ओळखला आणि कसा मोजला, तिकडे वळू.

सुरुवात कलांपासून. आर्यभटानं इ.स. ४९९च्या सुमारास 'आर्यभटीया'च्या गोलपादात सांगितलं, की पृथ्वी, ग्रह आणि तारे यांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो आणि उरलेला अर्धा त्यांच्या *स्वतःच्याच* सावलीमुळे काळा. शब्द नीट बघा: स्वतःच्याच. दुसऱ्या कुणाची सावली इथे लागतच नाही. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त हेच सांगताना उन्हात ठेवलेल्या घड्याची उपमा दिली. ती नुसती उपमा म्हणून सोडून देऊ नका, करून बघा. सकाळच्या कोवळ्या उन्हात एक छोटं मडकं किंवा चेंडू हात लांब करून धरा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. सूर्याच्या बाजूला धरलात की तुमच्याकडची बाजू काळी, म्हणजे अमावास्या. सूर्याशी काटकोनात धरलात की अर्धा उजळ, ही अष्टमी. सूर्याकडे पाठ करून डोक्यापेक्षा थोडा वर धरलात की पूर्ण उजळ, ही पौर्णिमा. आता हात तसाच खाली आणा. तुमच्या डोक्याची सावली चेंडूवर पडेल. हे चंद्रग्रहण. आणि सूर्याच्या बाजूला धरलेला चेंडू बरोबर सूर्यासमोर आला, तर ते सूर्यग्रहण. (डोळे मात्र सूर्यावर रोखू नका, चेंडूची सावली चेहऱ्यावर पडली की समजायचं.)

तिथी हे याच कोनाचं माप आहे. चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. शुक्ल अष्टमी ८४ अंशांना सुरू होते आणि ९६ ला संपते. म्हणजे ९० अंशांचा नेमका अर्धा चंद्र अष्टमीच्या मध्यावर पडतो. त्या क्षणी पृथ्वीची सावली कुठे असते? सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, चंद्रापासून तब्बल ९० अंश दूर. तिचा चंद्राशी काही संबंधच येत नाही.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? इथे पुस्तकातली आकृती आपल्याला फसवते, कारण कागदावर मावावी म्हणून अंतरं आखडून काढलेली असतात. पृथ्वी १ सेंटिमीटरची मणी माना. चंद्र साधारण पावणेतीन मिलिमीटरचा आणि ३० सेंटिमीटर दूर. सूर्य मीटरभराहून किंचित मोठा, जवळजवळ ११७ मीटर अंतरावर. चंद्राच्या ठिकाणी पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून वर साडेतीन आणि खाली साडेतीन. आणि चंद्राची कक्षा ५ अंशांच्या आसपास कललेली असल्यामुळे चंद्र त्या रेषेच्या वर किंवा खाली २७ मिलिमीटरपर्यंत जातो. बहुतेक पौर्णिमांना तो सावली चुकवून वरून किंवा खालून निघून जाणार, हे आकडे बघितले की आपोआप पटतं. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदतो त्यांना आपल्याकडे पात म्हणतात, म्हणजेच गणितातले राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या पाताजवळ झाली तरच ग्रहण. चंद्र त्या मार्गापासून जितका उत्तरेला वा दक्षिणेला असतो त्या अंतराला जुन्या ग्रंथांत 'शर' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा, सारखा भेटेल.

आता मुद्द्याची गोष्ट. आकाशात आपल्याला फक्त एक खाल्लेलं बिंब दिसतं. त्यावरून मागची मांडणी ओळखायची कशी? जुन्या ग्रंथांत याला दोन खुणा सापडतात, आणि दोन्ही फार सुंदर आहेत.

पहिली खूण: ग्रहण कुठल्या कडेनं लागतं. चंद्र तारकांमधून पूर्वेकडे सरकत असतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो तेव्हा त्याची पूर्वेकडची कड आधी काळी होते. पण सूर्यग्रहणात सरकणारा चंद्र सूर्यावर पश्चिमेकडून येतो, म्हणून सूर्याची पश्चिम कड आधी झाकते. वराहमिहिर हे स्पष्ट सांगतो: चंद्रग्रहण पश्चिमेकडून सुरू होत नाही आणि सूर्यग्रहण पूर्वेकडून नाही. दोन्हीकडे एकच राहू गिळत असता तर हा फरक समजावता आला नसता.

दुसरी खूण शिंगांची. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) लक्षात आणून दिलं, की अर्धवट ग्रासलेल्या चंद्राची शिंगं बोथट दिसतात आणि ग्रहण बराच वेळ चालतं. सूर्याची शिंगं मात्र टोकदार असतात आणि ग्रहण लवकर आटोपतं. झाकणाऱ्याला 'छादक' म्हणतात. दोन्ही ग्रहणांत छादक वेगळा आहे, आणि चंद्राचा छादक चंद्रापेक्षा बराच मोठा आहे, असा त्यातून निष्कर्ष निघतो. पडताळून बघायचं असेल तर कंपास घ्या. एका वर्तुळावर २.६ पट त्रिज्येचं वर्तुळ असं काढा की पहिल्याचा व्यासाचा पाऊण भाग झाकला जाईल. उरलेल्या कोरीच्या टोकाशी साधारण ५० अंशांचा कोन होतो. तेच सारख्या आकाराच्या वर्तुळानं झाकलंत तर कोन २९ अंशांवर येतो. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा हा फरक आहे.

आणि कलांची कोर? तिची दोन टोकं कायम बिंबाच्या व्यासाच्या दोन टोकांशी असतात, म्हणजे त्यांना जोडणारी रेषा चंद्राच्या मध्यातून जाते. ग्रहणातल्या कोरीला हे बंधन नाही. एखाद्या हस्तलिखितातल्या किंवा जुन्या चित्रातल्या चंद्राबद्दल ही तृतीया आहे की ग्रहण, असा प्रश्न पडला तर आधी टोकं तपासा. अर्थात चित्रकारानं बघून काढलं असेल तरच याचा उपयोग.

छादक मोठा आहे हे कळलं, पण किती मोठा? इथे आर्यभटाचं गणित पूर्ण करून बघण्यासारखं आहे. त्याचे व्यास असे: सूर्य ४,४१० योजने, पृथ्वी १,०५०, चंद्र ३१५. त्याच्या मापांतून सूर्याचं अंतर ४,५९,५८५ योजने आणि चंद्राचं ३४,३७७ योजने येतं. सावली हा शंकू आहे. त्याची लांबी काढायला सूर्याचं अंतर पृथ्वीच्या व्यासानं गुणायचं आणि दोन्ही व्यासांच्या फरकानं, म्हणजे ३,३६० नं भागायचं. उत्तर येतं सुमारे १,४३,६२० योजने. चंद्र त्यातल्या ३४,३७७ वर आहे, म्हणजे त्याच्यापुढे १,०९,२४३ योजने सावली उरली. समरूप त्रिकोणांनी तिथली रुंदी १,०९,२४३ × १,०५० ÷ १,४३,६२०, म्हणजे जवळजवळ ७९९ योजने. चंद्राच्या ३१५ शी तुलना केली तर अडीचपट. आजचं सरासरी उत्तर २.६ ते २.७ आहे.

इथे बरेच जण "बघा, आर्यभटाला सगळं माहीत होतं" म्हणून थांबतात. संशोधकानं इथूनच पुढे जायला हवं. त्याच्या मांडणीत सूर्य चंद्रापेक्षा फक्त १३.४ पट दूर आहे. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट दूर आहे. एवढी मोठी चूक असूनही सावली बरोबर कशी आली? हेच गणित कोनांत मांडलं की कळतं. सावलीचा कोनीय अर्धव्यास म्हणजे चंद्राचं लंबन अधिक सूर्याचं लंबन वजा सूर्यबिंबाचा अर्धव्यास. (लंबन म्हणजे त्या गोलावरून पृथ्वीची त्रिज्या जेवढ्या कोनात दिसेल तो कोन.) आर्यभटाच्या आकड्यांनी ५२.५ + ३.९ − १६.५, म्हणजे सुमारे ४० कला. आजच्या आकड्यांनी ५७ + ०.१५ − १६, म्हणजे सुमारे ४१ कला. सूर्य फार जवळ धरल्यामुळे तीन-चार कला वाढल्या, चंद्र जरा दूर धरल्यामुळे साडेचार कला कमी झाल्या, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकलं. शिवाय सूर्याचं लंबन मुळातच छोटं, त्यामुळे त्यातली चूक ग्रहणात फारशी जाणवत नाही. एखाद्या ग्रंथानं ग्रहण बरोबर वर्तवलं म्हणून त्याची विश्वाची मापं बरोबर ठरत नाहीत. शोधनिबंधात हे वाक्य लिहिताना हात थोडा आखडता घ्या.

राहिला आकृत्यांचा प्रश्न. 'सूर्यसिद्धान्ता'च्या सहाव्या अध्यायात ग्रहणाची आकृती काढायची कृती आहे, तिला परिलेख म्हणतात. जमिनीवर एकाच मध्याभोवती तीन वर्तुळं काढायची. सगळ्यात बाहेरचं ४९ अंगुळं त्रिज्येचं, दिशांचा कल दाखवायला. मधलं छाद्य आणि छादक यांच्या अर्धव्यासांच्या बेरजेइतकं. आतलं म्हणजे ग्रासलं जाणारं बिंब. स्पर्श, मध्य आणि मोक्ष या तीन वेळांचे शर मोजून तीन बिंदू मिळतात, त्यांतून जाणारा कंस हा छादकाचा मार्ग. या आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत कुठेच नाहीत. ग्रहण का होतं हे ती सांगत नाही. गच्चीवरून बघताना कुठली कड किती वाजता काळी होईल, एवढंच तिचं काम.

हे सांगायचं कारण असं, की छापील आवृत्तीत दिसणारी प्रत्येक आकृती ग्रंथाच्या काळातली धरू नका. 'सूर्यसिद्धान्ता'चं गाजलेलं इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये एबेनेझर बर्जेस या अमेरिकन मिशनऱ्यानं प्रसिद्ध केलं. हे गृहस्थ १८३९ पासून मराठी मुलखात होते आणि शाळांसाठी मराठीत खगोलाचं पुस्तक तयार करता करता या ग्रंथाकडे वळले. त्यातल्या आकृत्या टीपांसोबत, विद्यार्थ्याला समजावं म्हणून काढलेल्या आहेत. मूळ श्लोक फक्त कृती सांगतात. तेव्हा आकृती उद्धृत करण्याआधी ती कुणी काढली हे बघा, आणि शक्य असेल तर श्लोक समोर ठेवून, अंगुळांच्या जागी मिलिमीटर धरून, परिलेख एकदा स्वतःच्या हातानं काढा. ४९ मिलिमीटरचं वर्तुळ वहीच्या पानावर आरामात मावतं.