रेकॉर्डिंग आहे, मग इतिवृत्त कशाला?

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने संचालक मंडळाच्या सभा घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्याबरोबर एक समजही चांगलाच रुजला आहे. सभा रेकॉर्ड झाली की पुरावा पक्का झाला, कॅमेरा काही खोटे बोलत नाही, आणि इतिवृत्त म्हणजे ऑडिटरसाठी वर्षअखेरीला भरायचे वहीचे पान. या समजाच्या बाजूने सांगितले जाणारे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इतिवृत्त माणूस लिहितो. त्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे, याबद्दल कंपनी कायद्याच्या कलम 118 ने अध्यक्षाला मोठी मुभा दिली आहे. बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर तो गाळू शकतो. रेकॉर्डिंग मात्र असे काही निवडत नाही. मग दोहोंत विश्वासार्ह कोण?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याला कायद्याने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. कलम 118 प्रमाणे लिहून ठेवलेले इतिवृत्त हा त्यात नोंदलेल्या कामकाजाचा पुरावा मानला जातो. इतकेच नव्हे, तर उलट सिद्ध होईपर्यंत सभा रीतसर बोलावली गेली, रीतसर झाली आणि नेमणुका वैध आहेत, असे गृहीत धरले जाते. असे गृहीतक कायद्याने रेकॉर्डिंगला दिलेले नाही. रेकॉर्डिंगचे काम ‘उलट सिद्ध’ करण्याच्या बाजूला आहे. ते इतिवृत्ताला खोटे पाडू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता कलम 173 पाहू. संचालकाने दृक्श्राव्य साधनाने भाग घ्यावा, पण ते साधन सहभाग नोंदवणारे, सहभागी ओळखू देणारे आणि कामकाज तारीख-वेळेसह साठवणारे हवे, असे हे कलम म्हणते. एवढे वाचून अनेक जण थांबतात. सभांविषयीच्या 2014 च्या नियमांतील नियम 3 कोणी उघडत नाही. खरी कसोटी तिथे आहे, आणि ती बहुतांशी यंत्राची नसून तोंडाने बोलण्याची आहे. सभा सुरू होताच अध्यक्षाने हजेरी घ्यायची. दूरस्थ संचालकाने चार गोष्टी स्वतः सांगायच्या: आपले नाव, आपण कुठून बोलतो आहोत ते ठिकाण, कार्यसूची आणि सोबतची कागदपत्रे मिळाली आहेत हे, आणि त्या ठिकाणी आपल्याशिवाय कोणी सभा पाहत वा ऐकत नाही हे. त्यानंतर बाहेरचे कोण उपस्थित आहेत ते जाहीर करायचे आणि गणपूर्ती झाल्याचे सांगायचे. कोणत्याही विषयावर बोलण्याआधी प्रत्येकाने आपली ओळख द्यायची. आवाज तुटला तर अध्यक्षाने पुन्हा सांगायला लावायचे. विषय संपला की निर्णयाचा सारांश आणि विरोध करणाऱ्यांची नावे मोठ्याने सांगायची. यातले न बोललेले वाक्य कोणताही कॅमेरा मागाहून भरून देत नाही.

प्रत्यक्षात काय होते? यजमान सगळे आले का ते पाहतो, दोन-चार जण हवापाण्याचे बोलतात, मग कोणीतरी म्हणते, ‘चला, सुरू करू, रेकॉर्ड दाबा.’ हजेरी झालीच असेल, तर ती बटण दाबायच्या आधी होऊन गेलेली असते.

एक उदाहरण तपशिलाने घेतो. कंपनी काल्पनिक आहे, घोटाळा मात्र रोजचा. भोसरीतली एक खासगी कंपनी, संचालक तीन. थोरले बंधू अध्यक्ष म्हणून कारखान्यात बसले आहेत, धाकटे दुबईहून जोडलेले आहेत, आणि तिसरा संचालक, म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, आलेलाच नाही. कलम 174 प्रमाणे गणपूर्ती म्हणजे एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जास्त असेल ते. तेव्हा इथे दोन जण हवेत, आणि नेमके दोनच आहेत. दूरस्थ संचालक गणपूर्तीत मोजला जातो, त्यामुळे सुरुवात चोख होते. 11 वाजून 22 मिनिटांनी बँकेकडून दोन कोटींचे कर्ज घेण्याचा ठराव येतो. कर्ज काढण्याचा अधिकार मंडळाला सभेतच वापरावा लागतो, हे कलम 179 सांगते. त्याच क्षणी दुबईची जोडणी तुटते. पडद्यावर धाकट्याचा चेहरा गोठून राहतो, नाव तसेच दिसते. थोरले विचारतात, ‘हरकत नाही ना?’ उत्तर येत नाही. ‘बरं, मंजूर.’ 11 वाजून 27 मिनिटांनी धाकटे परत येतात आणि पुढचा विषय चालू होतो. इतिवृत्तात लिहिले जाते: एकमताने मंजूर.

दोन वर्षांनी भाऊबंदकी उसळते आणि चुलतभाऊ ठरावाला आव्हान देतो. थोरले बंधू निर्धास्त असतात, कारण सबंध रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहे. पण ते आता कोणाच्या बाजूने बोलते? पाहणाऱ्याला चित्रात दोन चेहरे दिसतात, तेव्हा चित्र थोरल्यांच्या बाजूचे. आवाज ऐकला तर धाकट्याने होकार दिलेलाच नाही. प्रणालीची उपस्थिती-नोंद काढली की 11.22 ला बाहेर आणि 11.27 ला पुन्हा आत, हे उघड होते. ती पाच मिनिटे सभेत एकच संचालक होता. गणपूर्ती सभाभर टिकवणे हे अध्यक्षाचे कर्तव्य, आणि ती नेमकी ठरावाच्या वेळी तुटली. बँकेचे पैसे परत करावे लागणारच, कारण बाहेरच्या माणसाला कंपनीच्या आतल्या अनियमिततेचा फटका सहसा बसू दिला जात नाही. पण अध्यक्षावर व्यवस्थापनातील गैरप्रकाराचा आरोप करायला चुलतभावाला आयते हत्यार मिळाले.

याचा उपाय पाच मिनिटांचा होता. जोडणी तुटताच अध्यक्षाने वेळ सांगून विषय थांबवायचा. धाकटे परतल्यावर त्यांना पुन्हा नाव आणि ठिकाण विचारायचे, विषय पुन्हा मांडायचा, मत नावानिशी घ्यायचे, सारांश सांगायचा. आणि इतिवृत्तात एक ओळ लिहायची: अमुक ते अमुक वेळ गणपूर्ती नसल्याने कामकाज थांबले. ही ओळ असती, तर चुलतभावाच्या हाती काही उरले नसते. चित्र तेच, इतिवृत्त निराळे, आणि तारले असते ते इतिवृत्ताने.

रेकॉर्डिंग हाच पुरावा म्हणणाऱ्यांना ते न्यायालयात कसे आणतात हेही बहुधा ठाऊक नसते. यावरचा सर्वांत गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज ठरलेल्या वेळेनंतर भरला गेला का, हा वाद होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण उपलब्ध होते. प्रश्न असा उभा राहिला की, प्रमाणपत्राशिवाय ते चित्रण वाचायचे कसे? 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: मूळ उपकरणच हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चे प्रमाणपत्र हवे. सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर न्यायालय मार्ग काढू शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच अट कलम 63 मध्ये आली आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. म्हणजे रेकॉर्डिंग कोणत्या यंत्रावर झाले, कोणाच्या ताब्यात होते, मधे बदलले का, हे सांगणारा माणूस हवा. राजीनामा देऊन गेलेल्या कारकुनाच्या वैयक्तिक खात्यावर ते पडून असेल, तर तो माणूस कुठून आणणार?

जतनाचे तर सांगू नये इतके हाल. नियम म्हणतो, रेकॉर्डिंग कंपनीच्या नोंदींचा भाग म्हणून खूण करून, त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होण्यापूर्वी तरी, सुरक्षित ठेवावे. या शब्दांतून काहींनी ‘ऑडिट झाले की पुसून टाका’ असा सोयीचा अर्थ काढला आहे. मला तो पटत नाही. लेखापरीक्षणाची मर्यादा ही ठेवण्याचे काम केव्हापर्यंत झालेच पाहिजे याची आहे; पुसण्याची परवानगी तिच्यात कुठेही नाही. पण तो सोयीचा अर्थ मान्य केला, तरी अनेक कंपन्या तोही पाळत नाहीत. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मूळ सेटिंग न बदलल्यास रेकॉर्डिंग 120 दिवसांनी आपोआप जाते. एप्रिल 2024 मधल्या सभेच्या वर्षाचे लेखापरीक्षण 2025 च्या सप्टेंबरपर्यंतही चालू शकते, म्हणजे सतरा महिने. चार महिन्यांत फाइल गेली आणि कोणाला पत्ता नाही. इतिवृत्ताची वही मात्र नियमाने कायमची जपायची असते.

भागधारकांच्या सभेला हे सगळे तसेच्या तसे लावणेही चुकीचे आहे. सर्वसाधारण सभा व्हिडिओने घेण्याची तरतूद कायद्याच्या मूळ मजकुरात नाही. ती कोविडकाळात, 2020 च्या एप्रिल-मेमधील परिपत्रकांनी आली आणि पुढे वाढवत नेली गेली. तिथे हजार सभासदांची हजेरी नावाने कोण घेणार? म्हणून सभेपूर्वी किमान पंधरा मिनिटे आणि ठरलेल्या वेळेनंतरही किमान पंधरा मिनिटे प्रवेश खुला ठेवावा लागतो. प्रॉक्सी नेमता येत नाही. आणि सार्वजनिक कंपनीला रेकॉर्ड केलेली प्रतिलिपी संकेतस्थळावर टाकावी लागते. इथे मतांचा हिशेब यंत्रणेच्या नोंदीतून निघतो, अध्यक्षाच्या कानातून नाही. नोंद दोन्ही सभांची असते, पण ती वेगवेगळ्या प्रकारे घडते.

एक प्रतिप्रश्न राहतो, आणि तो रास्त आहे. दूर बसलेल्या संचालकाच्या खोलीत आणखी कोणी नाही, हे कंपनीला कसे कळणार? या भीतीपोटी एका कंपनीने सोयच नाकारली, तेव्हा राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने 2018 मध्ये अचिंत्य कुमार बरुआ प्रकरणात निकाल दिला: संचालकाला व्हिडिओने भाग घ्यायचा असेल तर कंपनीने सोय द्यायलाच हवी. खोलीत कोण आहे याची ग्वाही संचालकाच्या तोंडून घ्यायची. ती खोटी निघाली, तर जबाबदारी त्याची.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. रेकॉर्ड बटण हजेरीच्या आधी दाबा. फाइल कंपनीच्या खात्यात, सचिवाच्या ताब्यात ठेवा आणि तिचे हॅश त्याच दिवशी काढून ठेवा. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत सर्व संचालकांना पाठवा, सात दिवसांत हरकती मागा, तीस दिवसांत वहीत नोंदवून सही करा. हरकत आलीच, तर तेवढाच भाग रेकॉर्डिंगमधून पुन्हा ऐका. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग या तपासणीपुरता आहे; ती प्रामाणिकपणे करा, कारण इतिवृत्तात फेरफार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो, असे कलम 118 सांगते.