पीसीआरमध्ये बँड आला नाही किंवा जास्तीचे बँड आले, तर काय तपासावे?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची पद्धत. प्रयोग संपल्यावर मिश्रण जेलवर चालवतात. तुकडा वाढला असेल तर अपेक्षित लांबीच्या जागी एक ठळक पट्टी दिसते, तिलाच बँड म्हणतात. कधी तिथे काहीच नसते, कधी एकाऐवजी तीन बँड असतात. अशा वेळी एकदम सगळे बदलून पाहिले, तर नेमकी चूक कुठे होती ते कधीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी पानातून डीएनए काढला आणि आरबीसीएल या जनुकाचा सुमारे ६०० बेसचा तुकडा वाढवायला घेतला. जेलवर बँड नाही.

आधी कंट्रोल पाहा

लॅडर, म्हणजे लांबी मोजायचा ठरलेला नमुना, तोही दिसत नसेल तर दोष जेलचा किंवा रंगाचा आहे. लॅडर दिसतो, पण खात्रीच्या डीएनएची नळीही कोरी असेल, तर एखादा घटक घालायचा राहिला असेल, खराब झाला असेल किंवा मशीनचा प्रोग्रॅम चुकला असेल. डीएनए न घातलेल्या नळीत ६०० च्या जागी बँड आला, तर पाण्यात किंवा एखाद्या घटकात बाहेरचा डीएनए शिरला आहे. मग तापमान बदलून उपयोग नाही, नवे पाणी आणि नवे प्रायमर घ्यावेत. जेलच्या अगदी तळाशी १०० बेसपेक्षा लहान अंधुक पट्टी दिसली, तर ती बहुधा प्रायमर एकमेकांना चिकटून झालेली असते.

आपल्या उदाहरणात तिन्ही कंट्रोल ठीक आहेत, म्हणजे संशय पानाच्या डीएनएवर.

डीएनए कमी नव्हे, जास्तही असू शकतो

बँड नाही म्हटल्यावर पहिला मोह होतो तो डीएनए आणखी घालण्याचा. पण पानातले पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर नळीत येतात आणि एन्झाइमचे काम रोखतात. अर्क तपकिरी किंवा चिकट असेल तर ही शंका बळावते. याची चाचणी सोपी आहे. खात्रीच्या डीएनएच्या नळीत पानाचा थोडा अर्क घालून पाहा. तिचाही बँड गेला, तर अर्कात अडथळा आहे. मग अर्क १० पट आणि १०० पट पातळ करून प्रत्येकी १ मायक्रोलिटर वापरा. अडथळा आणि डीएनए दोन्ही विरळ होतात, पण पीसीआरला थोडा डीएनएही पुरतो. २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात वनस्पतीचा १० ते ५० नॅनोग्रॅम डीएनए साधारण पुरे. बँडऐवजी लांबलचक फरांटा दिसत असेल, तरीही डीएनए कमी करून पाहावा.

तापमान: जास्तीच्या बँडचा पहिला इलाज

समजा, १० पट पातळ केल्यावर ६०० चा बँड आला, पण ३०० जवळ दुसराही आला. प्रायमर चुकीच्या जागी अर्धवट चिकटल्याची ही खूण असू शकते. प्रायमर चिकटण्याच्या टप्प्याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. त्याचे तापमान कमी असेल तर अर्धवट जुळणीही टिकते, फार जास्त असेल तर खरी जुळणीही सुटते. सुरुवात सहसा प्रायमरच्या वितळण्याच्या तापमानाच्या ५ अंश खाली करतात. आपण ५५ वर होतो. ५७, ५९ आणि ६१ करून पाहा. ग्रेडियंट मशीन असेल तर हे एकाच वेळी होते, म्हणून मॅग्नेशियमच्या आधी तापमान पाहावे. ५९ वर ३०० चा बँड गेला आणि ६०० चा राहिला, तर काम झाले. बँडच येत नसेल, तर उलट २-२ अंश खाली उतरावे.

मॅग्नेशियम: शेवटची बारीक जुळवणी

टॅक एन्झाइमला मॅग्नेशियमशिवाय काम करता येत नाही. ते कमी पडले तर बँड येत नाही, जास्त झाले तर चुकीची जुळणीही घट्ट बसते आणि जास्तीचे बँड येतात. सुरुवात १.५ मिलिमोलरपासून करतात. २५ मिलिमोलरचा साठा असेल, तर २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात दर ०.५ मायक्रोलिटरमागे ०.५ मिलिमोलर वाढते. मात्र बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच आहे का, ते बाटलीवर वाचा, नाहीतर ते दुप्पट पडेल. डीएनए टीई बफरमध्ये ठेवला असेल, तर त्यातले ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवते. तोच अर्क ५ मायक्रोलिटर घातला तर हा परिणाम जाणवू शकतो.

मर्यादा

तापमान वाढवूनही दोन्ही बँड सारखेच ठळक राहिले, तर प्रायमरना खरोखरच दोन जागा जुळत असाव्यात. तिथे नवे प्रायमर लागतात. आणि एकच सुबक बँड आला, तरी तो हव्या त्याच तुकड्याचा आहे, हे सीक्वेन्सिंग केल्यावरच नक्की होते.